बाराव्या भागातला मुका मी खोडला

आज सकाळी कादंबरीचा बारावा भाग तुमाले टाकायच्या आधी लाखनीच्या जावेले फोनवर वाचून दाखवला. शेवटी एसटीचा कंडक्टर अन् रोज लाखांदूरले जाणारी नर्स सुमन, यांचा मुका होता.

जाऊ खवळली. "काहून वं, घाई कायची? त्यानं खिडकीची जागा राखली, एकदा गाडी थांबवली. पण तिचं नाव तरी घेतलं का कधी?"

नव्हतं घेतलं. मुका खोडला. आता ती उतरताना तो पहिल्यांदा "सुमन" म्हणते, अन् ती मागं न पाहता पायरीवरच थांबते. मुक्यापेक्षा भारी झालं. मुका आता आणखी लांबला तरी चालते.

मंग एकटीच जेवाले बसली अन् रडूच आलं. मालक गेल्यापासून सारे मले काकूच म्हणतात. तुमाले नावानं कोण हाक मारते?