मागचा फिटर का गेला

१९५६ साल. माझे वय बत्तीस. कुंभकोणमात एका खासगी बसकंपनीच्या शेडमध्ये मी फिटर होतो. शाळा तिसरीपर्यंत, तीही तमिळ. पण काळा धूर ओकणारी डिझेल गाडी माझ्याकडे आणावी, मी नोझल खोलून साफ करावेत, पंप बसवावा आणि गाडीने नाचियार्कोविलच्या वाटेवरचा पुलाचा चढ गुमान चढावा, हे त्या शेडमध्ये दुसऱ्या कोणाला येत नव्हते. हे मी आपल्या तोंडाने सांगतो, कारण तेव्हा दुसऱ्या कोणी सांगितले नाही.

पगार ऐंशी रुपये. एक खोली, बायको, एक मुलगी, आणि बायकोला पुन्हा सहावा महिना.

एके दुपारी शेडच्या रायटरने, म्हणजे कारकुनाने, मला एक इनलँड आणून दिले. आमच्यासारख्या मराठी माणसाला तिकडे सगळे ‘राव’ म्हणत. हाही म्हणाला, "राव, मद्रासेहून कागद. मोठी माणसे ओळखतात तुम्हाला."

हात तेलाचे होते, म्हणून संध्याकाळी घरी जाऊन वाचले. एका एजंटाचे पत्र होते, तमिळमध्ये, टाईप केलेले. ‘तुमच्या कामाचे कौशल्य आमच्या कानी आले आहे. पश्चिमेकडच्या एका शहरात तुमच्याजोगी चांगली जागा आहे. पगार समाधानकारक. असलेले सर्व दाखले घेऊन लवकर मद्रासेला येऊन भेटावे.’

बस्स. कंपनीचे नाव नाही, गावाचे नाव नाही, काम काय ते नाही. समाधानकारक म्हणजे कोणाचे समाधान, तेही नाही.

मी पत्र उलटे करून पाहिले. कडेला हात लावला तर जाड लागले. नाकाशी धरले. इनलँडच्या डिंकाला वास नसतो, याला मैद्याच्या खळीचा वास होता. आमच्या शेडमध्ये कागद चिकटवायला तीच खळ असे, डालड्याच्या डब्यात.

बायकोला म्हटले, "अगे, हे पत्र कोणी उघडून पुन्हा चिकटवले आहे."

"कोणी?"

"शेडात. नाहीतर मुळात पत्रच शेडातले. मुदलाळीने मुद्दाम लिहवून घेतले असेल, हा पळतो का पाहायला."

मुदलाळी म्हणजे मालक. ती भात वाढत होती. म्हणाली, "तुमच्यासाठी मुदलाळी मद्रासेला जाऊन टाईप करवतील? तेवढे असते तर पाच रुपये वाढवून नसते का दिले?"

"मग एजंट खोटा. दाखले घेईल, आगाऊ पैसे मागेल आणि बसवून ठेवील."

"मग विचारा ना जी. विचारले म्हणजे गेलात असे होते का?"

हे मला पटले, पण पटले असे मी म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन स्वतः इनलँड आणले. कार्ड स्वस्त पडले असते, पण कार्ड पोस्टमनापासून कॉफीवाल्यापर्यंत सगळे वाचतात.

शेजारी एक शिक्षक राहत. लिहून देतो म्हणाले. मी नको म्हटले. माझे अक्षर मोठे आणि वाकडे, पण माझे. शिवाय मुदलाळीच्या हाती पडले तरी लाज वाटू नये असेच लिहायचे ठरवले होते. लिहिले ते असे:

‘आपले पत्र मिळाले, आठवण केलीत, आभार. येण्याआधी मला हे कळले पाहिजे. कंपनी कोणती, गाव कोणते. काम फक्त पंपाचे की सगळ्या इंजिनाचे, गाड्या किती, माझ्यावर कोण, हाताखाली कोण. पगार कितीपासून कितीपर्यंत, आणि मी त्यात कोठे बसेन हे कोण ठरवणार. राहायला घर आहे का. तुमची दलाली कंपनी देते की मी. आणि माझ्या आधी तेथे जो फिटर होता तो का गेला. माझ्याजवळ जुन्या मालकाचा एकच दाखला आहे. तो मी दाखवीन, टपालाने पाठवणार नाही. उत्तर शेडवर नको, खाली लिहिलेल्या घरच्या पत्त्यावर द्यावे.’

त्यानंतरचे दिवस मी शेडमध्ये पाठीला डोळे लावून काढले. मुदलाळी रोजच्यासारखे येत, गाड्यांचे विचारत, जात. रायटर मात्र एकदा पान चघळत म्हणाला, "काय राव, दाखले काढलेत का पेटीतून?"

पत्रात दाखले मागितले आहेत हे मी शेडात कोणाला सांगितले नव्हते.

मी म्हटले, "खळ जरा पातळ करत जा. जाड लागते."

तो हसला आणि आत गेला. चिकटवणारा कळला. आता तो वाचून गप्प बसला असेल की त्याने आत जाऊन मुदलाळीला वाचून दाखवले असेल, एवढेच उरले. त्यानंतर मुदलाळीही कधी नव्हे ते दोनदा माझ्याजवळ थांबून निघून गेले.

बाराव्या दिवशी घरी उत्तर आले. हे मी तीनदा हुंगले. डिंकच होता.

एजंटाने नीट लिहिले होते. गाव कोइंबतूर, कंपनीचे नाव, गाड्या अठरा. काम पंप आणि इंजिन दोन्ही, हाताखाली दोघे, वर एक मॅनेजर. पगार नव्वदपासून सव्वाशेपर्यंत, एक दिवस काम करून दाखवायचे आणि मॅनेजर आकडा ठरवणार. घर नाही. दलाली कंपनी देते, माझ्याकडून काही नाही. येण्याजाण्याचे तिसऱ्या वर्गाचे भाडे मिळेल.

बायकोने पुन्हा वाचायला लावले. "सव्वाशे," ती म्हणाली. "दोन खोल्या घेता येतील."

"नव्वदही म्हणतो आहे. नव्वदात तिकडच्या शहराचे भाडे गेले की इथल्यापेक्षा कमीच उरेल."

"तुम्हाला नुसते नव्वद कोण देईल? तुमचे काम पाहिल्यावर?"

अशी ती कधी बोलत नसे. मी पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचले.

"मागचा फिटर का गेला, ते लिहिले नाही."

"विसरले असतील."

"बाकी एकही विसरला नाही तो. तेवढेच विसरला?"

मी पुन्हा पत्र टाकले, एकाच ओळीचे. मागचा फिटर का गेला. उत्तर आले: जागा अजून रिकामी आहे, या आठवड्यात निघावे. मागच्या फिटरबद्दल एक शब्दही नाही.

बायको म्हणाली, "एका गोष्टीपायी पंचेचाळीस रुपये सोडता?"

"होय."

ती माझ्याकडे पाठ करून बसली. तिला दोन खोल्या दिसत होत्या, मला तो फिटर दिसत होता. आज वाटते, त्याला कदाचित याहून चांगली जागा मिळाली असेल, बस्स एवढेच असेल. पण न सांगितलेल्या गोष्टीवर मी बिऱ्हाड हलवणार नव्हतो, आजही हलवणार नाही.

त्या संध्याकाळी मी नकार लिहिला. रागाने नाही. ‘आपण सविस्तर कळवलेत, उपकार मानतो. सध्या मला येणे जमत नाही. दुसऱ्या योग्य माणसाला जागा द्यावी. पुढे तंजावर-कुंभकोणम बाजूला काही असेल तर याच पत्त्यावर जरूर लिहावे, पगाराच्या आकड्यासकट.’

कडा दाबून चिकटवल्या. बायको पाठमोरीच म्हणाली, "परक्या माणसाला एवढे विचारलेत. आपल्या मुदलाळीला नऊ वर्षांत काय विचारलेत?"



दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र पेटीत टाकून मी सरळ मुदलाळीच्या घरी गेलो. ते ओट्यावर कॉफी निववत बसले होते. चपला खाली काढल्या, उभा राहिलो आणि विचारले, "मुदलाळी, आपल्या शेडमध्ये फिटरचा पगार कितीपासून कितीपर्यंत असतो, आणि मी त्यात कोठे बसतो?"