पोकुआचा काळा रंग

बिरागोला किळस यायची ती ठरावीक गोष्टींची. आंबवलेल्या मक्याच्या शिळ्या केंकेची, बॉस ओडुरोच्या घामट अत्तराची आणि राखाडी माणसांची. पहिल्या दोन गोष्टी कुणालाही समजतील. तिसरी समजायला मात्र तिच्या शेजारी बसून संगणकाच्या पडद्याकडे पाहावं लागे.

घानातल्या कुमासी शहरात, अदुम भागातल्या गल्लीत ओडुरोचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी आणि मुख्य म्हणजे मयताचे समारंभ. फोटो काढणारे दुसरे, ते नीट करणारी बिरागो. चिडकी, जाड चष्म्याची, तोंडाने फटकळ. गिऱ्हाईक आलं की ओडुरो तिला आतल्या खोलीत धाडायचा, कारण तिच्या जिभेने आजवर बरीच गिऱ्हाइकं पळवली होती.

दोष मुळात फोटो काढणाऱ्यांचा. मयतानंतर रविवारच्या आभार-प्रार्थनेला सगळे पांढऱ्या लेसचे कपडे घालतात. ती लेस महाग, म्हणून फोटोत तिची नक्षी दिसलीच पाहिजे, नाहीतर बायका भांडायला येतात. मग फोटोवाला लेस सांभाळून फोटो काढतो आणि मांडवाच्या सावलीत बसलेल्या माणसांचे चेहरे कोळशाच्या पोत्यात जातात. लेस उजळ, माणूस गायब. "कापडाचे फोटो काढता का रे, मेल्यांनो?" बिरागो ओरडायची. पण पालथ्या घड्यावर पाणी.

पोकुआच्या मुलीने, फ्रेमाने, आणलेला फोटो असाच होता. पोकुआ मध्यवर्ती बाजारात टोमॅटो विकायची. बिरागो तिच्याकडूनच घ्यायची, कारण ती सडके टोमॅटो तळाशी लपवत नसे. काळीभोर बाई. बाजारात तिला रंगावरून चिडवत, आणि ती म्हणायची, "मी रात्री हरवले तर दातांवरून शोधा." तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाचा मोठा फलक रस्त्यावर लावायचा होता आणि तिचा हसरा फोटो हा एवढाच. निळ्या मांडवाखालचा, अंधारात बुडालेला.

फ्रेमा हॅम्बुर्गहून आली होती. डोळे सुजलेले. "बिरागो, मला माझी आई दिसू द्या. एवढंच," ती म्हणाली.

बिरागोचा राग तिथेच विरघळला. फोटोवाल्याने निदान एक शहाणपणा केला होता. बटण दाबून धरून लागोपाठ बरेच फोटो घेतले होते, आणि त्यात पोकुआ हसत जवळजवळ हललीच नव्हती. बिरागोने कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली मागवल्या. ते चेहरे तिने एकावर एक बेतून जुळवले आणि त्यांची सरासरी काढली. अंधार उजळला की त्यातून लाल-हिरवे ठिपके वर येतात, पण ते प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात. म्हणून सरासरीत ते विरून जातात. चेहरा सगळ्यांत तोच, तो उरतो. मग फक्त चेहऱ्याभोवती तिने मऊ कडेची हद्द आखली आणि मधल्या छटा हळूहळू वर घेतल्या. नाकपुड्या, मानेच्या वळ्या, केसांची मुळं, या काळ्या जागांना तिने हात लावला नाही. त्या काळ्या राहिल्या तरच बाकीची कातडी कातडीसारखी दिसते. मांडवाची निळी झाक काढली, तपकिरी ऊब परत आणली, गालाच्या हाडावरची चकाकी ठेवली. हळूहळू गालावरची लहानपणीच्या व्रणाची चीर दिसू लागली. मग डोळे. पोकुआ समोर बसली होती, काळी कुळकुळीत आणि जिवंत.

फ्रेमा पाहून रडली. मग फ्रेमाने नाक पुसलं आणि म्हणाली, "थोडी उजळ कराल? इतकी काळी दिसली तर लोक म्हणतील, मुलगी परदेशात आणि आई उन्हात भाजून मेली."

बिरागोने खुर्ची तिच्याकडे वळवली. "ती उन्हानं काळी नव्हती ताई. ती जन्मापासून तशी होती. आणि छान होती."

"मला शिकवू नका. आई माझी आहे."

"आहे ना? मग ओळखत का नाही?"

ओडुरो आत आला. "गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतेस? ऊठ. मी करतो."

ओडुरो असा माणूस, की देवळातला दिवाही त्याला ट्यूबलाइटएवढा पाहिजे. त्याने मूळचा एकच फोटो उघडला आणि सावल्या उजळायची कळ पूर्ण सरकवली, चेहऱ्याची, मांडवाची, खुर्चीची, सगळ्यांची. काळं होतं तिथे राख पसरली. राखेतून रंगीत ठिपके उकळून आले. ते पुसायला त्याने सगळं इतकं गुळगुळीत केलं की गालावरची चीर गेली, डोळ्यांभोवतीचं हसू गेलं. वर गोरेपणाचा एक हात. पडद्यावर मेणाची, करडी, कुणाचीही नसलेली बाई उरली.

"किती स्वच्छ!" फ्रेमा म्हणाली.

बिरागो मोरीवर जाऊन थुंकली. खरंच थुंकली. मग परत येऊन म्हणाली, "बॉस, मुडद्याला तरी सोडा हो. जिवंतपणी गोरेपणाची मलमं लावून कातडी सोलतात, ती कमी पडली का?" ओडुरोने ऐकलंच नाही, त्याने छापायला दिलं.

शनिवारी रस्ताभर मांडव. त्या दिवशी एकट्या त्या रस्त्यावर चार घरी समारंभ होते, आणि कुठलं घर कुणाचं हे बाहेरच्या फलकावरचा चेहरा बघून ठरतं. नावं कोण वाचतं? बिरागो काळं-पांढरं नेसून आली आणि फलकाकडे न बघता आत बसली. बघितलं असतं तर जेवण गेलं नसतं.

फ्रेमा वाट बघत होती ती बाजारच्या बायकांची. आईची खरी माणसं तीच. त्यांच्यासाठी वेगळी रांग राखली होती, पाणी, जेवण, सगळं. दुपार कलली. खुर्च्या रिकाम्याच. फ्रेमा पुन्हापुन्हा रस्त्यापर्यंत जाऊन येई. "येतील ना हो?" तिने बिरागोला विचारलं. या खेपेला आवाजात हॅम्बुर्ग नव्हतं.

बायका आल्या होत्या, लॉरी भरून, केव्हाच. फलक पाहिला, म्हणाल्या, ही कुठली गोरी मॅडम, आपली नव्हे, आणि पुढे गेल्या. शेवटच्या मांडवाचा फलक वाऱ्याने पालथा पडला होता, म्हणून हाच आपला असं समजून तिथे, एका वारलेल्या हेडमास्तराच्या घरी बसल्या. तिथे रडल्या, गायल्या, नाचल्या, दुखवट्याचा आहेर दिला. भोंग्यावरून हेडमास्तरांचे गुण सांगायला लागले तेव्हा त्यांना कळलं.

परत आल्या तेव्हा इकडे खुर्च्या रचायला सुरुवात झाली होती. पुढे बाजारातल्या बायकांची पुढारीण, बाजाराची राणी म्हणतात ती, आँटी तिवा, घामाने भिजलेली, संतापलेली. ती फलकासमोर उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"ही कोण?" तिने विचारलं.

"आई आहे, आँटी," फ्रेमा म्हणाली.

"अगं, मी आयुष्यभर तिच्या मांडीला मांडी लावून टोमॅटो विकले. तुझ्या आईला मी अंधारात चाचपून ओळखेन. ही बाई माझ्या टोपलीपाशी आली असती तर मी तिला दुप्पट भाव सांगितला असता." तिने पदराने तोंड पुसलं. "तिला आयुष्यभर काळी म्हणून हसले सगळे. मेल्यावर तिची लेकसुद्धा?"

फ्रेमाने बिरागोकडे पाहिलं. बिरागोला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. तिला त्या गुळगुळीत मेणाची, ओडुरोची, पोरीच्या 'स्वच्छ'ची, सगळ्याचीच शिसारी आली होती.

"आत या, आँटी. हात जोडते," फ्रेमा म्हणाली.

"आत? या बाईच्या घरात?" तिवाने मागे वळून हाक दिली. बायका रस्त्यावरच बसल्या, धुळीत, फलकाकडे पाठ करून, आणि पोकुआचं नाव घेऊन गाऊ लागल्या. आत राखलेल्या रांगेत कुणी गेलं नाही.

बिरागो उठली. आपली खुर्ची उचलून ती बाहेर गेली आणि त्यांच्याशेजारी, त्यांच्यासारखीच फलकाकडे पाठ करून बसली.