तीनशेचा वेग आणि शैलाचे हात

शैला गजभियेंच्या घरात चार माणसांचं बोलणं एकटी शैलाच बोलते, पण पगार मिळतो तो हातांचा. कर्णबधिर पेशंटच्या खुणा डॉक्टरला बोलून सांगायच्या, डॉक्टरचं बोलणं पेशंटला खुणांनी, तेही घरून, व्हिडिओ कॉलवर. नवऱ्याची, राजरत्नची, वर्ध्याहून लखनौला बदली झाली, तेव्हा तिला एकच धास्ती होती: नेट रडलं तर नोकरी गेली.

आलमबागचा पिनकोड टाकला की तिन्ही कंपन्यांच्या साइटवर हिरवी खूण. अहो, पिनकोडात अख्खा मोहल्ला येतो! त्यातल्या नेमक्या जिन्यापर्यंत तार आलीय का, हे कोण सांगणार?

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ऊन भरभरून. राजरत्न बाल्कनीतून हलेना. मालक म्हणाले, फायबर लगा है, मॅडम, तीन सौ की स्पीड. शैलाने वेग तपासला. डाउनलोड झकास, अपलोड मात्र दहाच्या आसपास, तेही खालीवर होणारं. सिनेमा बघणाऱ्याला डाउनलोड पुरतं; हिचे हात समोरच्याला दिसायचे ते अपलोडवर. राउटरची तार धरून ती गच्चीवर पोचली, तर तिथे अँटेना. हवेतलं फाइव्ह-जी! नाव फायबर, आणि इमारतीत फायबरचा धागासुद्धा नाही.

खाली फ्लॅटमध्ये येऊन तिने त्याच वायफायवरून अंतराला कॉल लावला. ही तिची कर्णबधिर मैत्रीण. दोन वाक्यं झाली आणि अंतराने खूण केली, तुझे हात तुटताहेत.

"क्षणभर अडकलं तर काय एवढं?" राजरत्न कुरकुरला.

"डॉक्टर 'हे औषध घेऊ नका' म्हणतो, त्यातलं 'नका' माझ्या मनगटाच्या एका झटक्यात असतं," शैला म्हणाली. "तोच झटका अडकला, तर पेशंट तेच औषध घेईल."

तो निघाला. बाल्कनीकडे मात्र दोनदा वळून बघितलंच.

मागच्या गल्लीत तळमजल्यावर दुसरी जागा होती. खिडकीसमोर भिंत, भरदुपारी ट्यूबलाइट. पण जिन्यात फायबरचा डबा होता. शेजारच्या काकूंनी लाइनमनला बोलावलं. डबा उघडून तो म्हणाला, पोर्ट एक ही खाली है, म्हणजे जोडणीची एकच जागा रिकामी. दोन कंपन्यांची तार इथवर आलेली. एकीचा प्लॅन स्वस्त, पण अपलोड निम्मं; दुसरीचं दोन्हीकडे सारखं. पोर्टही दुसरीचाच रिकामा होता, आणि काकूंकडे तेच कनेक्शन. शैलाने त्यांच्याच वायफायवरून अंतराला पुन्हा गाठलं.

अंतरा सासूचं गाऱ्हाणं सांगू लागली. बोटं नुसती भिरभिरत होती, शैला खदखदून हसत होती. राजरत्नला एक अक्षर कळेना. पण कुणी थांबत नव्हतं, कुणी 'परत सांग' म्हणत नव्हतं. मग अंतराने त्याच्याकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"विचारतेय, घर कसं आहे?"

राजरत्नने त्या भिंतीकडे पाहिलं. मग बायकोला हळूच विचारलं, "'चांगलं' कसं म्हणायचं?"

शैलाने करून दाखवलं. त्याने ओशाळत तशीच खूण केली, आणि अंतराला ती पहिल्या झटक्यात कळली.