मेल थांबले, पैसे चालूच

सात महिने मी एका कंपनीला दरमहा पैसे देत होते, आणि तेच सात महिने त्या कंपनीला आपण कसं हाकलून लावलं हे चारचौघींत रंगवून सांगत होते. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी अवघी सदुसष्ट वर्षांची होते. आज त्या पोरीचा विचार केला की वाटतं, हिला एकटीला फोन घेऊन बाहेर कुणी सोडलं?

कंपनी होती गुडघ्यांच्या व्यायामाची. फोनवरचं ॲप. पहिला आठवडा फुकट, पुढे महिन्याला ठरावीक रक्कम. पैसे आपोआप जावेत म्हणून यूपीआयचा पिन एकदाच द्यायचा होता, तो मी मोठ्या ऐटीत दिला. व्यायाम मोजून अकरा दिवस केला. बाराव्या दिवशी स्क्रीनवरची सडसडीत मुलगी म्हणाली, "आता हळूच खाली बसा," आणि मी बसले ती खुर्चीचा पाय धरूनच उठले. त्यानंतर मेल सुरू झाले. तुमचे गुडघे तुमची वाट पाहतायत. आज फक्त दहा मिनिटं. आम्हाला तुमची आठवण येते. माझ्या सख्ख्या भावाला माझी इतकी आठवण येत नाही.

एका दुपारी चष्मा पुसून मी मेलच्या अगदी तळाशी गेले. तिथे राखाडी रंगात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, अनसबस्क्राइब. दाबलं. एक पान उघडलं: तुमचं नाव यादीतून काढलं आहे, तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं. मी म्हटलं, वाटू दे. वर ॲपही फोनवरून पुसून टाकलं. मेल खरोखर थांबले. पुढच्या हळदीकुंकवाला मी ही हकिगत अशी सांगितली की दोघींनी मला आपापले फोन काढून दिले.

बँकेचा मेसेज मात्र दर महिन्याला येत होता. उद्या अमुक कंपनीसाठी अमुक रक्कम वळती होईल, असा, आदल्या दिवशी. मी कंपनीचं नाव बघायचे आणि मनात म्हणायचे, आता मेल बंद केला तर मेसेजमधून शिरतायत. पुढचं न वाचताच पुसायचे.

उघडकीला आणलं माझ्या मुलाने. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्याला राहतो, तिथल्याच एका आयटी कंपनीत आहे. आयकराचं विवरण भरायला त्याने माझ्या खात्याचा उतारा मागवला आणि एका रविवारी समोर धरला.

"आई, हे काय आहे?"

"ते बंद केलंय मी."

"सात वेळा बंद केलंयस का?"

मग त्याने उताऱ्याची घडी घालून तो बाजूला ठेवला. त्याच्या वडिलांचीही हीच सवय होती, रागवायच्या आधी हातातलं आवरून ठेवायचे. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आपण असं करू. तुझ्या फोनवरचं पेमेंट काढून टाकू. तुला काय हवं ते मला सांगत जा, मी तिकडून पाठवीन. पुढच्या रविवारी येतो तेव्हा बघू."

त्याने आवाज चढवला असता तर मी भांडले असते. मऊ आवाजाशी कसं भांडायचं?

इथे थोडं मागे जायला हवं. मी एका सरकारी कारखान्याच्या आवक-जावक विभागात तीस वर्षं नोकरी केली. पगार माझा होता, पासबुक ह्यांच्या कपाटात होतं. ह्यांनी कधी अडवलं नाही, मी कधी मागितलं नाही. तसंच चालायचं. ते गेल्यावर नातीने मला फोनवरून पैसे द्यायला शिकवलं, आणि फुलवालीला पहिल्यांदा दिले तेव्हा तिच्या डब्यातून पैसे आल्याची घोषणा झाली, ती मी उभी राहून ऐकली. मोगऱ्याचा हातभर गजरा, इथल्या कन्नडमध्ये मल्लिगेची एक मोळ, माझ्या निर्णयाने. आता त्या हातभर गजऱ्यासाठी महादेवपुऱ्याला फोन करायचा?

नात म्हणजे माझ्या लेकीची मुलगी. पुण्याहून इथे नोकरीसाठी आली आणि माझ्याकडेच राहते. एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत ती नेमकं हेच काम करते: लोकांना मेल पाठवायचं. सोमवारी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा मी तिलाच धरलं.

"तुझ्यासारख्याच कुठल्या तरी मुलीने मला फसवलं. मी नको म्हटलं, तिने हो म्हटलं, आणि पैसे घेत राहिली."

"आजी, तू नको कशाला म्हणालीस?"

"कंपनीला."

"नाही. तू मेलला नको म्हणालीस." तिने बॅग टेबलावर टाकली. "आमच्याकडे बघ. मेलची यादी आमच्या टीमकडे असते. कुणी अनसबस्क्राइब केलं की यादीतल्या त्या नावावर काट बसते, बास. तो माणूस पैसे भरतो का, कधीपासून भरतो, हे त्या यादीला माहीतच नसतं. प्लॅन आणि पेमेंट वेगळ्या सिस्टीममध्ये. लोक जाहिराती नकोत म्हणून मेल बंद करतात आणि सर्व्हिस मजेत वापरत राहतात. त्यांचा प्लॅन आम्ही आपला आपण बंद केला तर तेच भांडायला येतील."

"पण मध्ये कुणी बसत नाही का? एकाचा निरोप दुसऱ्याला द्यायला?"

"कोण बसणार?"

मी बसायचे, असं तोंडाशी आलं आणि तिथेच अडलं. कारण मला कारखान्यातला एक फिटर आठवला.

मी चोवीस वर्षांची, नोकरीत नवी, नाकाचा शेंडा आकाशात. त्या फिटरने अर्ज दिला होता की मला कॅन्टीनचं जेवण नको, घरून डबा आणतो. मी शिक्का मारून अर्ज कॅन्टीनला पाठवला. कॅन्टीनने त्याचं ताट बंद केलं. पगारातून जेवणाची कपात मात्र चालू राहिली, कारण कपात पगार विभाग करायचा आणि त्याला कुणी कळवलंच नव्हतं. तीन महिन्यांनी तो माझ्या खिडकीशी आला. कन्नडमधून शांतपणे म्हणाला, "अक्का, ताट उचललंत ते सरी, ठीकच. पण न जेवल्याचे पैसे का घेताय?" आणि मी, त्या शहाण्या पोरीने, मान वर न करता उत्तर दिलं, "तुम्ही अर्ज कॅन्टीनला केलात. पगार विभागाला वेगळा करायचा."

तो निघून गेला. साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि त्या दिवसापासून मी अशा प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढू लागले, एक तिकडे, एक इकडे. पुढची एकोणतीस वर्षं. म्हणूनच बहुधा सदुसष्टाव्या वर्षी मी धरून चालले की ते राखाडी अक्षर दाबलं की पलीकडे कुणीतरी माझ्यासारखी बसलेली असणार, आणि ती दुसरी प्रत पाठवणार. पलीकडे कुणी नव्हतं. दुसरी प्रत आता ज्याची त्याने काढायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं खरं तर. मीच सांगितलं होतं, खिडकीतून, त्या फिटरला.

त्या रात्री मी नातीला म्हटलं, "तू करू नकोस. तू बस, मी करते. स्वल्प वेळ लागेल."

आधी फोनच्या ॲप स्टोअरमधली वर्गण्यांची यादी पाहिली. तिथून घेतलेली वर्गणी तिथेच रद्द करावी लागते म्हणे. माझी त्यात नव्हती, मी थेट कंपनीला पैसे दिले होते. म्हणजे कंपनीच्याच दारात जायला हवं. पुसलेलं ॲप परत घेतलं, जुन्याच नंबराने आत शिरले. प्रोफाइल, त्यात मेंबरशिप, त्याच्या तळाशी पुन्हा मुंगीची अक्षरं: प्लॅन रद्द करा. दाबल्यावर त्यांनी निम्म्या किमतीत राहा म्हणून विनवलं. मग महिनाभर थांबून बघा म्हटलं. मग जाण्याचं कारण विचारलं. मी "इतर" निवडलं आणि लिहिलं, खाली बसले की उठता येत नाही.

"आजी, ते कुणी वाचत नाही," नात म्हणाली.

"लिहिणाऱ्याने लिहायचं."

शेवटी पान आलं: प्लॅन रद्द झाला आहे, भरलेला महिना संपेपर्यंत वापरता येईल. त्याच मजकुराचा मेलही आला.

"मी तर मेल बंद केले होते, हा कसा आला?"

"ती जाहिरात नाही, पावती आहे. तुझ्या व्यवहाराची. पावत्या अनसबस्क्राइबने थांबत नाहीत. हा जपून ठेव."

मग यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग उघडला. तिथे कंपनीचं नाव हिरव्या अक्षरांत जिवंत होतं. मी विचारलं, नुसतं हेच तोडलं असतं तर? नात म्हणाली, पैसे जाणं थांबलं असतं, पण कंपनीच्या दफ्तरी तू मेंबरच राहिली असतीस, मग भरा भरा म्हणून मागे लागले असते. म्हणून आधी तिकडे रद्द, मग इकडे. परवानगी रद्द केली, पिन दिला, मेसेज आला. तो मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला.

कंपनीला मागचे पैसेही मागून पाहिले. मिळाले नाहीत. प्लॅन चालू होता, असं नम्र उत्तर आलं. खोटं नव्हतं.

आणि दोन दिवसांनी मेल आला: परत या, गुडघे वाट पाहतायत. नव्याने आत शिरताना एका चौकटीत आधीच खूण करून ठेवलेली होती, ती मी पुसली नव्हती. म्हणजे प्लॅन मेला तरी यादीत नाव पुन्हा जिवंत. परत तळाशी गेले. या वेळी बंद काय करायचं, साप्ताहिक मेल की सगळे प्रचाराचे मेल, असं विचारलं, मी सगळे निवडलं.

रविवारी मुलगा आला. मी त्याच्यापुढे फोन ठेवला आणि एकेक दाखवत गेले: प्लॅन रद्द झाल्याचा मेल, परवानगी रद्द झाल्याचा बँकेचा मेसेज, यादीतून नाव काढल्याचं पान. त्याला फिटरचीही गोष्ट सांगितली, माझ्या उत्तरासकट. तो सगळं दोनदा वाचत बसला. फोनवरचं पेमेंट काढायचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. कॉफी पिऊन गेला.

पंधरा दिवसांनी दुपारी त्याचा ऑफिसातून फोन आला. आवाज दबका होता, शेजारी कुणीतरी असावं.

"आई, माझ्या जिमचं मी नुसतं ॲप काढून टाकलं होतं. रविवारी येतो, तू जरा शेजारी बस."