सांगणाऱ्याचं नाव

शाल अजून आमच्या कपाटात आहे. मरून रंगाची, प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर न काढलेली. सत्काराच्या शाली अंगावर घ्यायच्या नसतात, पुढच्या सत्काराला वापरायच्या असतात, हे मला माहीत आहे. पण ही शाल दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर टाकायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

परभणीच्या बाहेर सोयाबीनपासून तेल काढायचा आमचा प्लांट आहे. मी तिथं गेटाजवळच्या लॅबमध्ये. आलेल्या ट्रकमधून नमुना काढायचा, ओलावा मोजायचा आणि मालवाल्यांची बोलणी खायची, हे माझं काम. नवरा आत, माल उतरवायच्या आणि सायलोच्या विभागात ऑपरेटर. सायलो म्हणजे सोयाबीन साठवायचे पत्र्याचे उंच कोठे. नवरा-बायको एकाच ठिकाणी म्हटल्यावर लोकांना वाटतं काय मजा असेल. त्याची शिफ्ट बदलती, माझी जनरल. घरी भेट व्हायची ती बहुतेक दारात, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना.

त्याचा खरा जोडीदार वेगळाच होता. हमालांचा मुकादम. दोघं पेडगावचे, एका आळीतले, एका मोटारसायकलवर कामाला येणारे. मोटारसायकल आमची, पेट्रोल आळीपाळीनं. मुकादम मागं बसून सगळ्या रस्त्याला बोलत यायचा. हवेनं अर्धं ऐकूच यायचं नाही, तरी नवरा हो हो करायचा. मी चिडवायची, "माझ्याशी एवढं हो हो केलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता." मुकादम म्हणायचा, "वैनी, मी भाजी आणायला सांगत न्हाई त्याला, म्हणून ऐकतोय."

ट्रक आला की हमाल पोती फोडून जमिनीतल्या खड्ड्यात माल ओततात. खड्ड्याच्या तळाशी माल ओढून नेणारी साखळी फिरत असते, म्हणून खड्ड्यावर लोखंडी जाळी. ओल्या मालाचे गठ्ठे त्या जाळीत अडकायचे. हमालांना मजुरी पोत्यावर, मग कुणीतरी मधल्या दोन सळयाच काढून टाकल्या. माल भराभर खाली जायला लागला. एक दिवस एका हमालाचा पाय त्या भोकातून मांडीपर्यंत आत गेला. बाकीच्यांनी ओढून काढला, नशिबानं चपलेवर निभावलं. सगळे हसले, पुन्हा पोती फोडायला लागले. माझा नवरा हसला नाही. तो गेला आणि सेफ्टी ऑफिसरला सांगून आला. दुसऱ्या दिवशी जाळी वेल्डिंग करून पक्की झाली. काम मंदावलं, मजुरी कमी पडायला लागली, हमाल कुरकुरले. कुणी सांगितलं हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

मग मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. टाइम ऑफिससमोर मांडव, खुर्च्यांना पांढरे कपडे, हिरव्या चिन्हाचा झेंडा, छातीवर बिल्ले. हात पुढे करून आम्ही शपथ घेतली. आणि प्लांटचे मॅनेजर बोलायला उठले.

माणूस चांगला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तो वाईट वाटेल. पुण्याकडचा, नवा आलेला, कागद न घेता बोलणारा. म्हणाला, "धोका तुम्हाला दिसतो, मला केबिनमध्ये दिसत नाही. दिसला की सांगा. सांगणारा तक्रारखोर नाही, तो आपल्यातल्या कुणाला तरी संध्याकाळी घरी पोचवतो. सुपरवायझरची भीती असेल तर थेट माझ्याकडे या. सांगितलं म्हणून कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही, हा माझा शब्द." असं साधं आणि मनापासूनचं भाषण मी त्या मांडवात पूर्वी ऐकलं नव्हतं. माझ्या शेजारच्या पोरीनं मोबाइल खाली ठेवला होता, यावरून समजा.

आणि मग ते म्हणाले, "असं धाडस करणारा एक माणूस आपल्यात बसलाय." त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. वर बोलावलं. खड्ड्याची, जाळीची सगळी हकीकत सांगितली. शाल, नारळ, फोटो. मी तर हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. ऑफिसवाल्यांनी वाजवल्या, लॅबनं वाजवल्या. मागच्या रांगांत हमाल बसले होते, तिकडून काहीच आवाज आला नाही. नवरा शाल खांद्यावर घेऊन उभा होता आणि त्या मागच्या रांगांकडे बघत होता.

आपल्याकडे कुणाचं भलं करायचं म्हणजे त्याला स्टेजवर चढवायचं. त्याला काय हवं ते कोण विचारतं.

साहेबांनी शब्द पाळला. वरून कुणी केसाला धक्का लावला नाही. पण कॅन्टीनमध्ये नवरा टेबलावर बसला की टेबल रिकामं व्हायला लागलं. त्याच्यासमोर बोलणं थांबायचं. कुणी मोबाइल काढला की दुसरा म्हणायचा, "ठेव खिशात, शालवाला बघायलाय." आणि पंधरवड्याच्या आत मुकादम शेअर रिक्षानं यायला लागला.

पहिल्या दिवशी नवरा त्याच्या दारात हॉर्न वाजवत थांबला होता. मुकादम बाहेर आला, मान खाली घालून म्हणाला, "तू हो पुढं. पोरं नाराज हायत. मी तुझ्या मागं बसलो तर माझं कुणी ऐकायचं न्हाई." नवरा घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "गाडी लय हलकी लागायलीय." मी त्याला जेवायला वाढलं. त्यानं अर्धी भाकरी तशीच ठेवली.

पावसाळ्यानंतर नवा माल आला. त्या वर्षी तो ओला होता, मी रोज मोजत होते, मला पक्कं माहीत. ओलं सोयाबीन सायलोत धरून बसतं. वर कडक थर होतो आणि खालून माल निघून गेला की थराखाली पोकळी. मग हमाल आत उतरून सळईनं थर फोडतात. उतरायच्या आधी खालचं गेट आणि माल वाहून नेणारा पट्टा बंद करून कुलूप लावायचं, कमरेला दोर बांधायचा, दाराशी एक माणूस ठेवायचा. हे सगळं भिंतीवर चित्रासकट लावलंय. पण तेवढ्या सोपस्कारात वेळ जातो, आणि पोती उतरायची थांबतात. म्हणून ते पट्टा चालू असतानाच उतरायचे. खालून माल चालू असला की थर एकदम खचतो आणि माणसाला घेऊनच खाली जातो.

नवऱ्याला हे दिसायचं. तो मुकादमाशी भांडला. मुकादम म्हणाला, "आता काय बिगर मजुरीचं मारतोस का आमाला?" मग नवऱ्यानं स्वतःचंच एक सुरू केलं. त्यांच्यापैकी कुणी शिडी चढताना दिसला की हा गपचूप पट्टा दुसऱ्या सायलोवर घ्यायचा, या सायलोचं गेट बंद करायचा आणि ते बाहेर येईपर्यंत खाली उभा राहायचा. ते शिव्या द्यायचे, हा ऐकून घ्यायचा.

मी म्हटलं, "अहो, असं किती दिवस राखण करणार? साहेबांना सांगा ना."

तो म्हणाला, "सांगितलं की परत शाल देतील."

मला हसू आलं. तोही हसला. ते आमचं शेवटचं मोकळं हसणं असावं.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. रांगेत असताना फोन आला. नवऱ्यानं नुसतं "कोण?" विचारलं. मी त्याच्या हातातला फोन घेतला, तोवर तो रांगेतून बाहेर पडला होता.

मुकादम स्वतः उतरला होता. दुसऱ्या कुणाला पाठवायला मन होईना म्हणून, असं त्याची माणसं रडत सांगत होती. थर खचला. पट्टा बंद करेपर्यंत तो छातीपर्यंत आत होता, मग दिसेनासा झाला. पत्रा कापून सोयाबीन बाहेर सोडलं, तेव्हा तो सापडला. आम्ही पोचलो तेव्हा मैदानभर सोयाबीन पसरलेलं होतं आणि नवरा त्यातून चालत गेला. त्याच्या पायाखाली तो करकर आवाज. मी अजूनही नमुन्याचं ताट हलवताना मध्येच थांबते.

पुढच्या मार्चला पुन्हा मांडव पडला. मुकादमाची बायको आता कॅन्टीनला कामाला आहे, तीही येऊन बसली होती. दोन मिनिटं उभं राहून झालं. साहेब बोलायला लागले, पण या वेळी त्यांना नीट बोलता येईना. ते म्हणाले, "मी शब्द दिला होता. तरी वर्षभरात एकही माणूस माझ्याकडे आला नाही. का आला नाही? मला खरंच कळत नाही." त्यांचे डोळे भरले होते. रागानं माझा जीव जळत होता, आणि त्यांची कीवही येत होती.

माझा नवरा उठला. स्टेजवर गेला नाही, जागेवरूनच बोलला.

"साहेब, सांगणाऱ्याचं नाव घेऊ नका. जाळीचं मी सेफ्टीवाल्यांना सांगितलं, तुमी सगळ्यांना सांगितलं. जाळी नीट झाली, पण माझं कुणी ऐकंना. यंदा मला सायलोचं दिसत व्हतं. मी सांगितलं न्हाई."

साहेब माईक धरून तसेच उभे राहिले. हमालांच्या रांगेत कुणी मान वर केली नाही.

कार्यक्रम संपल्यावर मुकादमाची बायको गाडीजवळ येऊन थांबली. मी घाबरले. मला वाटलं, ती आता त्याची गचांडी धरेल, आणि तिनं धरली असती तरी मी मध्ये पडले नसते.

ती म्हणाली, "भाऊजी, तुमाला दिसत व्हतं?"

"दिसत व्हतं, वैनी."

तिनं गाडीच्या मागच्या सीटकडे बघितलं. मग म्हणाली, "त्यांना तुमच्यासंगंच यायचं असायचं. रोज तुमच्या गाडीचा आवाज आला की उठून दारापर्यंत यायचे. मीच म्हणलं, चुगलखोराच्या मागं बसलात तर घरात पाय ठेवू नका."

तिनं पदर तोंडाला लावला आणि कॅन्टीनकडे वळली, भांडी घासायची पडली होती. त्या दिवशी घरी जाताना मी त्याच्या मागं बसले. पेडगावात शिरल्यावर मुकादमाच्या दाराशी त्यानं सवयीनं गाडी हळू केली, आणि मग तशीच पुढं नेली.