दहा कोड आणि एक ताक

माझ्या सासूबाईंचं नाव सुलक्षणा. सगळं आयुष्य नागपुरात, एका शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलं, आणि निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमागे फिरणं नशिबी आलं. आधी दोन वर्षं पोलंडमधलं पोझ्नान, मग इंग्लंडमधलं स्टॅनमोर. पोझ्नानला मी सोबत नव्हते, माझी नोकरी तेव्हा पुण्यात होती. स्टॅनमोरला मात्र आम्ही दोघी एकाच छताखाली आलो. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, त्यांना इंग्रजी बोलायचा धीर नाही. माझा नवरा शार्दूल सकाळी ट्रेन पकडून मोकळा व्हायचा आणि आम्ही दिवसभर एकमेकींच्या पायात. मला स्वयंपाकघरात कुणी मागे उभं राहिलेलं खपत नाही, आणि त्यांना उभं राहायला दुसरी जागा नव्हती.

त्यांची एकच खिडकी उघडी होती, ती म्हणजे हालीना. पोझ्नानची शेजारीण, पोस्टातून निवृत्त झालेली. तिनेच आईंना मोडकंतोडकं पोलिश शिकवलं आणि एका लहानशा पोलिश कंपनीच्या मेलवर खातं उघडून दिलं. त्या कंपनीला सुरक्षिततेचं भारी वेड. खात्याबरोबर दहा कोडांची यादी छापून घ्यायला लावली होती. खातं बंद पडलं तर त्यातला एक कोड घालायचा, एक कोड एकदाच चालतो. आईंनी तो कागद देवाच्या डब्यात, अंगाऱ्याच्या पुडीखाली ठेवला होता.

जानेवारीत हालीनाचं पत्र आलं. हृदयाचं ऑपरेशन आहे, महिनाभर तरी लिहिणार नाही, नंतर बहिणीकडे खेड्यात जाईन, तिथला पत्ता आणि फोन मेलवर कळवते. मेल सोडून दुसरा धागा नव्हता. बरं, हालीनाचा मेलचा पत्तासुद्धा आईंना पाठ नव्हता. खात्यात तिच्या नावावर टिचकी मारली की पत्र जायचं, मग पाठ कशाला करायचा?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, बर्फाने गेट अडकलेलं असताना, आईंनी हाक मारली. "चैत्राली, जरा ये गं. महिन्याने मेल उघडायला गेले, तर हे पुन्हा तसंच झालं."

पुन्हा, कारण दिवाळीत एकदा झालं होतं. पोलंडचा लॅपटॉप मेला आणि शार्दूलने इथला आणला. त्यांच्या पासवर्डात @ होता. पोलंडच्या कीबोर्डवर तो दोनच्या डोक्यावर असतो, इथल्या कीबोर्डवर तिथे अवतरणचिन्ह. टाइप करताना दिसतात नुसते ठिपके. बोटांनी सवयीने जुनी जागा दाबली, तीन वेळा चुकलं आणि खातं कुलूपबंद. तेव्हा यादीतला एक कोड घालून कुलूप मी उघडलं होतं, @ची भानगडही मीच शोधली होती, आणि आठवडाभर त्या हुशारीवर फुगून फिरले होते.

"अहो आई, सांगितलं होतं ना, @ उजवीकडे आहे म्हणून?"

"सांगितलं होतंस. बोटं ऐकत नाहीत."

मी डब्यातून कागद काढला. वापरलेल्या कोडावर काट मारलेली होती, खाली नऊ शिल्लक. दुसरा घातला. लाल ओळ आली. तिसरा. लाल ओळ. "कोड चुकीचा आहे म्हणतंय," आई म्हणाल्या. त्या चष्मा लावून एकेक आकडा वाचत होत्या, मी दाबत होते, आणि दहाव्या कोडापर्यंत एकही चालला नाही.

"मागच्या वेळी खातं उघडल्यावर काही विचारलं होतं का गं याने?" आईंनी विचारलं.

विचारलं होतं. चौकटीत पोलिशमध्ये दोन ओळी, खाली दोन बटणं. एकावर NIE, दुसऱ्यावर TAK.

"ते टाक म्हणत होतं," मी म्हणाले. "म्हणून टाकलं."

"मग?"

"मग नवीन आकड्यांची यादी आली. चहा उतू जात होता. मी खिडकी बंद केली."

आई खुर्चीत बसल्या. "ते टाक नव्हे गं. ताक. त्यांच्यात ताक म्हणजे हो. नवे कोड करू का, जुने रद्द होतील, असं विचारलं असणार. तू हो म्हणालीस."

म्हणजे अंगाऱ्याखाली तीन महिने जपलेला तो कागद रद्दी होता, आणि तो रद्दी मी केला होता. मला आईंकडे बघवेना. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मला उलटून बोलता आलं असतं.

स्क्रीनवर खाली दुसरा मार्ग होता. पर्यायी पत्त्यावर लिंक पाठवा. पत्ता ठिपक्यांनी झाकलेला, पहिलं अक्षर h आणि शेवटचं a. खातं उघडताना हालीनाने स्वतःचाच पत्ता घातला होता. म्हणजे हालीनाशी बोलायचं तर खातं उघडायला हवं, आणि खातं उघडायचं तर हालीनाने लिंक दाबायला हवी. ती दाबायला हालीना असायला हवी.

लिंक पाठवली. ती अठ्ठेचाळीस तास चालणार होती. रविवारी दहादा पाहिलं, कुलूप तसंच. आई खिडकीशी बसून राहिल्या, जेवल्या नाहीत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "आई, चुकलं माझं." लग्नाला सहा वर्षं झाली होती, हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून निघालं.

त्या एकदम हसल्या. "मी तरी काय केलं होतं? हालीना पहिल्यांदा घरी आली, मी खुणेने विचारलं, चहा घेणार? ती म्हणाली, ताक, ताक. मला वाटलं, बाईला ताक कसं ठाऊक? जिरं, कोथिंबीर घालून पेला भरून दिला. बिचारी प्यायली. पुढे दर शनिवारी तेच. मी दारातून विचारायची, ताक? ती म्हणायची, ताक, ताक. एवढंच आमचं बोलणं, पण पोटभर." मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

सोमवारी सकाळी पान उघडलं, तर कुलपाची सूचना गेलेली. नुसत्या दोन रिकाम्या चौकटी, नाव आणि पासवर्ड.

"कुणीतरी लिंक दाबली, आई! पण म्हणजे पासवर्डही नवा ठेवला असणार." आणि तो आम्हाला सांगणार कसा? तीनदा चुकलं की पुन्हा कुलूप. जुना पासवर्ड घालून पाहिला, @ नीट शोधून. नाही. मी Sulakshana घातलं. नाही. एकच संधी उरल्याची ओळ आली.

आईंनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी दबक्या आवाजात म्हणत लिहिलं, "ताक? ताक, ताक." तीनदा TAK, नऊ ठिपके पडले.

खातं उघडलं.

आत हालीनाची पाच पत्रं होती. पहिल्यात खेड्यातला पत्ता, मग प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा लहान आणि घाबरलेलं. शेवटचं त्याच पहाटेचं, एका ओळीचं. आईंनी मला मराठीत सांगितलं, "सुलू, जिवंत आहेस का?"

मी उत्तर लिहायला हात पुढे केला.

"थांब," आई म्हणाल्या. "हे मी टाकते."

आणि त्यांनी तीन अक्षरं दाबली: TAK.