मागच्या पायांचा पट्टा

शिवणकाकूंच्या जिभेला हाड नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि कपडे मात्र त्यांच्याकडेच टाकायची. काकूंचा अल्सेशियन कुत्रा पाच वर्षांचा असतानाच मागून खचला होता. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसतच नव्हता. दुखणं आईबापांकडून आलेलं, वर लाडाने वाढवलेलं वजन. काकूंनी जाड कापडाचा पट्टा शिवला, पोटाखालून घातला आणि त्याला शेवटपर्यंत उचलत राहिल्या. आता लेक नव्या पिल्लासाठी हटून बसली, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, पुन्हा ते हाल बघायचे नाहीत.

कुत्र्यांची पैदास करणाऱ्या एका साहेबांच्या बैठकीत कपाटभर चषक! एक गुबगुबीत पिल्लू लेकीच्या मांडीवर चढलं नि तिची बोटं चघळू लागलं. झालं, लेक गेली कामातून.

"बघा कसं पळतंय!" साहेब म्हणाले.

"या वयात सगळीच पळतात. आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे दाखवा."

बापाचा चोख होता: दोन वर्षांचा झाल्यावर, भूल देऊन, उताणं झोपवून काढलेला, तज्ज्ञांनी दर्जा दिलेला. आईचा मात्र ती सहा महिन्यांची असतानाचा.

"तेव्हाच स्वच्छ निघाला. पुन्हा कशाला त्रास द्यायचा तिला?"

अहाहा, केवढी ती माया! हाडं वाढायची थांबलीही नव्हती, आणि हे पास करून मोकळे. कापड पाण्यात घालायच्या आधीच आटत नाही म्हणून सांगणाऱ्यांतले हे.

"तिला जरा उठवा," काकू म्हणाल्या.

आई पुढच्या पायांवर रेटा देत कशीबशी उठली. दाराकडे धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदमच उचलले.

"बाळंतीण आहे हो!" साहेब हसले. "तुम्ही शिवण सांभाळा, कुत्री आम्हाला कळतात."

काकू पिल्लू न घेताच निघाल्या. लेक घरी येईपर्यंत रडली, नंतर बोलेना. काकूंचाही जीव तुटला. चांगल्या आईबापांचं पिल्लूही बिघडू शकतं, धोका कमी होतो एवढंच, हे त्यांना ठाऊक होतं. पण डोळ्यांदेखत दिसणारं दुखणं घरी आणायचं? छे! दोघांचे आणि आजीआजोबांचेही एक्स-रे दाखवणारं घर सापडेपर्यंत त्या थांबल्या. लेकीचा रुसवा तिथलं पिल्लू आल्यावर गेला.

पुढे एके दिवशी साहेब दुकानात आले. मोठा तोरा कुठे तरी ठेवून आले होते. मागे तीच आई, दर पावलाला कमरेतून डुलणारी.

"तुम्ही पट्टा शिवता म्हणे. हिला उठवतच नाही हो."

काकू पुढे झाल्या. त्यांनी टेप घेतला, कुत्रीच्या पोटाभोवती नेला आणि हात थांबला. पोट तट्ट फुगलेलं, आत काहीतरी हलत होतं.

"ही पुन्हा?"

"बाप चॅम्पियन आहे," साहेब म्हणाले. "गिऱ्हाइकं थांबलीयत."

"मग आतली किती आहेत, तेही सांगा," काकू म्हणाल्या. "त्यांचेही पट्टे आत्ताच शिवून ठेवते."

 काकू खाली बसल्या आणि कुत्रीचं माप घेऊ लागल्या.